नवा मॉनिटर : ठेवायचा की परत करायचा? (प्रकल्प नोंदी)

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

मॉनिटर आला. म्हणजे जामसंड्यापर्यंत आला. पुढे वाडीपर्यंत गाडी येणार नाही असं कुरियरवाल्याने फोनवर सांगितलं, तेव्हा भावाच्या टेम्पोतून, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या सोबतीने त्याला घरी आणला. २७ इंची, २५६० × १४४०, आयपीएस पॅनेल. मार्चपासून पेट्यांच्या लेबलांचं काम अंगावर येतं आणि या वर्षी एका बागायतदाराला भेटवस्तूची पेटी जवळजवळ काळी वाटावी इतक्या गडद हिरव्या रंगात हवी आहे. माझ्या जुन्या १९ इंचीवर मान जरा खाली केली की तो हिरवा राखाडी होतो. खर्च एवढ्यासाठी.

परत करायची मुदत सात दिवस, म्हणजे १० तारखेपर्यंत. नंतर कुठल्या दिवशी काय दिसलं ते आठवत बसायला नको म्हणून या नोंदी.

खोकं उघडताना भाचीने सलग व्हिडिओ काढला, मध्ये कुठे थांबवला नाही. सीलची पट्टी, कुरियरची चिठ्ठी, खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि मॉनिटरच्या पाठीवरचा सिरीयल नंबर, सगळं एकाच व्हिडिओत. खोक्याचा एक कोपरा आत चेपलेला होता. त्याचा फोटो वेगळा काढला. आतला थर्माकोल मात्र शाबूत. पिशव्या, थर्माकोल, स्क्रूची पुडी सगळं होतं तसं परत खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं. कडेची चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी सोलायचा मोह होतो, पण ती तशीच ठेवली.

रात्री चालू केला आणि पोटात गोळाच आला. पूर्ण काळं चित्र लावलं तर सगळा पडदा धुरकट. कोपराच नव्हे, मधला भागही. तक्रार लिहायला घेतली होती, पण एक गोष्ट खटकली: पॅनेलमध्ये दोष असेल तर तो इतका सारखा पसरलेला कसा? केबल एचडीएमआय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये `Output dynamic range` समोर `Limited` होतं. टीव्हीसाठीची ही रीत. त्यात ० ते २५५ या पातळ्यांपैकी काळा ० ऐवजी १६ वर पाठवला जातो आणि मॉनिटर बिचारा तो १६ म्हणूनच दाखवतो. `Full` केल्यावर काळा बऱ्यापैकी काळा झाला. आज एवढंच. दिवसभर टेम्पोत हादरलेल्या यंत्राबद्दल पहिल्याच रात्री मत बनवायचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने तपासणीची चित्रं तयार केली. इंटरनेटवर अशी पानं मिळतात, पण आमच्याकडे नेट कधी जाईल भरवसा नाही. शिवाय चित्र पडद्याच्या मापाचंच हवं.

```
magick -size 2560x1440 xc:white white.png
magick -size 2560x1440 xc:black black.png
magick -size 2560x1440 xc:"#ff0000" red.png
magick -size 2560x1440 xc:"#00ff00" green.png
magick -size 2560x1440 xc:"#0000ff" blue.png
```

आधी पडदा पुसला. मायक्रोफायबरचं फडकं, किंचित ओलं, हलक्या हाताने. हे केलं नाही तर धुळीचे कण मोजण्यात तास जातो. इथली धूळ म्हणजे जांभ्याची, तांबूस आणि चिकट.

या पडद्यावर ३६,८६,४०० पिक्सेल आहेत आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन सबपिक्सेल. एका पिक्सेलची रुंदी ०.२३३ मिलिमीटर. एक सबपिक्सेल त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. नुसतं समोर बसून "काही दिसत नाही बुवा" म्हणण्यात अर्थ नाही. मी पडद्याचे मनाने सहा उभे पट्टे केले, हातभर अंतरावर तोंड नेलं आणि प्रत्येक पट्टा वरून खाली पाहिला, भात निवडताना सुपात पाहतात तसा. पाच रंग, सहा पट्टे. चाळीस मिनिटं लागली.

दोन ठिपके सापडले.

पहिला पांढऱ्यावर, वरच्या डाव्या बाजूला. काळपट, बारीक. फडक्याने गेला नाही.

दुसरा काळ्यावर, मध्यापासून थोडा उजवीकडे. हिरवा, सुईच्या टोकाएवढा, पण अंधारात डोळा तिथेच जातो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिल्या ठिपक्याने आज बराच वेळ खाल्ला, पण वसूलही झाला.

काकांकडे मोहोर तपासायचं दहापटीचं भिंग असतं. ते मागायला गेले तर काका स्वतःच आले, कारण पडद्यावर भिंग कशाला लावायचं हे त्यांना पटेना. पांढरं चित्र लावून भिंगातून पाहिलं. पिक्सेलच्या बारीक उभ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. मेलेला पिक्सेल असता तर त्या रेघांच्या जाळीतलं एक घर काळं दिसलं असतं, कडा अगदी सरळ. इथे तसं नव्हतं. रेघा सगळ्या पेटलेल्या, आणि त्यांच्या मागे एक लांबट, धूसर सावली, चार-साडेचार पिक्सेल लांब. म्हणजे साधारण एक मिलिमीटर. जाळीवर नाही, जाळीच्या मागे.

काकांनी भिंग हातात घेतलं, दोन क्षण पाहिलं आणि म्हणाले, "मेल्या, ह्यो तर फुलकिडो! मोहोरार असता तोच."

मग मलाही पाय दिसल्यासारखे वाटले. कल्पना असेल. पण दुपारी पुन्हा पाहिलं तर ठिपका बोटभर खाली सरकलेला होता, आणि पिक्सेल काही चालत नाहीत.

फेब्रुवारीत बाग मोहोरलेली, माझी खिडकी संध्याकाळी उघडी आणि खोलीत सगळ्यात उजेडाची वस्तू हा मॉनिटर. पाठीमागच्या हवेच्या फटींतून किडा आत शिरतो आणि दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा पसरवणारे जे पातळ पडदे काचेमागे असतात, त्यांच्यामध्ये फिरत राहतो. त्याला बोटाने दाबायचं नाही. दाबला तर तो तिथेच मरून चिकटतो आणि मग मॉनिटर पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. काकांचा हात पुढे जात होता, मोहोरावरच्या सवयीने. मी ओरडलेच.

मॉनिटर बंद केला, त्याच्या मागे फूटभरावर टेबललॅम्प लावून ठेवला, खिडकी बंद.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सावली गेली. पांढरा, राखाडी, निळा, तिन्हींवर पाहिलं, कुठेच नाही. बाहेर गेला की कडेच्या चौकटीआड जाऊन बसला हे सांगता येत नाही, पण दिसत नाही एवढं खरं. आता संध्याकाळी पाचनंतर खिडकीला मच्छरदाणीचं कापड.

हिरवा ठिपका मात्र जागचा हलला नाही. भिंगातून एकच हिरवी रेघ पेटलेली, कडा धारदार, शेजारच्या दोन विझलेल्या. हा अडकलेला सबपिक्सेल. नेमकं काय अडकलंय हे रंग बदलून पाहिलं की उलगडतं. काळ्यावर तो हिरवा दिसतो. लाल चित्रावर पिवळा, कारण लाल आणि हिरवा मिळून पिवळा. निळ्यावर आकाशी. हिरव्यावर आणि पांढऱ्यावर मात्र अजिबात दिसत नाही, कारण तिथे त्याला पेटायचंच असतं. म्हणून फक्त पांढरं चित्र लावून "पास" म्हणणाऱ्याला अर्धे दोष कळतच नाहीत. उलट जो सबपिक्सेल कायमचा विझलेला, तो काळ्यावर लपतो आणि त्याच्या स्वतःच्या रंगावर काळा उठतो.

आयपीएसमध्ये पेटलेला ठिपका त्यातल्या त्यात दुर्मीळ. या पॅनेलमध्ये सबपिक्सेलला वीजदाब मिळाला नाही तर तो बंद राहतो, उजेड अडतो. त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर नुसता तुटला तर डाग काळा पडतो. जुन्या टीएन पॅनेलचं उलटं: दाब नसेल तर उजेड आरपार, म्हणून तिथे बिघडलेला ठिपका बहुधा चमकतो. माझ्या जुन्या १९ इंचीवर दोन आहेत, दोन्ही चमकणारे. आज कारण कळलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. ठिपक्याचा स्क्रीनशॉट भाचीला पाठवला, ती म्हणाली, "आत्ये, काहीच दिसत नाही." दिसणार कसं? स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरने पाठवलेलं चित्र. काचेतला दोष त्यात येतच नाही. उलट स्क्रीनशॉटमध्ये ठिपका आला असता तर दोष मॉनिटरचा नसता. फोटो भिंगातून मोबाइलने काढला.

दुपारी दोन तास त्या जागी लाल-हिरवा-निळा झपाझप बदलणारी छोटी खिडकी चालवून ठेवली. अडकलेला सबपिक्सेल कधीकधी याने सुटतो. माझा सुटला नाही. काही लोक कापड गुंडाळलेल्या पेन्सिलीने दाबतात. परतीची मुदत चालू असताना मी काचेवर दाब देणार नाही, उद्या तिथे डाग पडला तर तो माझा.

हा एक ठिपका परत करण्याएवढा आहे का? कंपनीच्या पत्रकात पिक्सेलदोषांचा दुसरा वर्ग लागू आहे असं छापलंय. ही वर्गवारी आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकातून आली, आता तिच्या जागी आयएसओ ९२४१-३०७ आहे. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन पूर्ण पेटलेले, दोन पूर्ण मेलेले आणि पाच सबपिक्सेलचे दोष चालतात. माझ्या पडद्याला गुणलं तर सात मेलेले पिक्सेल असले तरी मॉनिटर "चांगला". एका हिरव्या रेघेवरून वॉरंटीत भांडायला गेले तर लोक हसतील. विक्रेत्याची सात दिवसांची मुदत वेगळी, तिथे ऐकतीलही.

खरं सांगायचं तर कामात तो मला दिसत नाही. त्याच्यासाठी एकट्यासाठी मी परत करणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज बॅकलाइटचं, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचा उजेड काळ्यावर कुठून गळतो का ते पाहायचं होतं आणि अडचण अंधाराची होती. आमचं घर कौलारू, खोलीत एक काचेचं कौल, दिवसा अंधार होतच नाही. रात्री समोरच्या खांबावरचा दिवा. साडेसात वाजता लाईट गेली. अख्खी वाडी काळीठिक्कर. एरवी शिव्या दिल्या असत्या, आज पळत जाऊन इन्व्हर्टरवर मॉनिटर लावला. अर्धा तास तापू दिला. थंड पॅनेलवरचे डाग गरम झाल्यावर थोडे बदलतात, म्हणून.

मॉनिटरमधला "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" आधी बंद केला. तो चालू असला की पूर्ण काळं चित्र आलं की मॉनिटर मागचा दिवाच मंद करतो आणि गळती झाकली जाते. ब्राइटनेस रोज काम करते तिथेच, शंभरपैकी ३५ वर. शंभरवर नेऊन पाहिलं तर कुठलाही मॉनिटर गळका दिसतो.

नेहमीच्या जागी बसून काळं चित्र पाहिलं. खालचे दोन्ही कोपरे उजळलेले. डावा निळसर चंदेरी, उजवा पिवळट. पहिल्या नजरेला दोन्ही सारखेच वाईट. इथेच बहुतेक जण फसतात, कारण हे दोन वेगळे प्रकार आहेत.

आयपीएस पॅनेल तिरकं पाहिलं की काळा उजळतो. हा त्या जातीचा गुण. समोर, जवळ बसलं की मधला भाग सरळ दिसतो पण कोपऱ्यांकडे नजर तिरकीच जाते, म्हणून कोपरे चमकतात. याला ग्लो म्हणतात. मॉनिटर बदलून आणला तरी नवाही तसाच चमकणार. ब्लीड म्हणजे खरी गळती. पॅनेलची चौकट एखाद्या जागी जास्त आवळली गेली, पॅनेल किंचित वाकलं, की तिथून मागचा उजेड निसटतो. तो डोकं कुठेही नेलं तरी जागचा हलत नाही.

म्हणून उठले आणि पडद्याच्या मध्यासमोर सरळ रेषेत मागे मागे गेले, पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत, अडीच मीटर. डोळ्यांची उंची पडद्याच्या मध्याएवढी राहावी म्हणून पाटावर बसले. डावा कोपरा विझला. अगदी विझला. उजवा तसाच, पिवळट, तळव्याएवढा, कडेपासून आत तिरका घुसलेला. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, तो तिथेच.

डावा ग्लो, उजवा ब्लीड. खोक्याचा चेपलेला कोपराही उजवाच होता. त्याचा याच्याशी संबंध असेलही, कारखान्यातून तसा आला असेलही.

आता प्रश्न "किती". डोळा अंधारात सरावला की कशालाही "फार" म्हणतो. माझ्याकडे उजेड मोजायचं यंत्र नाही, पण मॉनिटर स्वतःच मोजपट्टी होऊ शकतो. काळ्या पडद्याच्या मध्यावर एक राखाडी चौकोन ठेवायचा, त्याची पातळी पायरीपायरीने वाढवायची आणि तो कोपऱ्यातल्या गळतीएवढा उजळ दिसला की थांबायचं.

```
for /L %i in (4,2,40) do magick -size 2560x1440 xc:black -fill "rgb(%i,%i,%i)" -draw "rectangle 1130,570 1430,870" g%i.png
```

मी उंबऱ्याशी पाटावर, भाची कीबोर्डशी, अंगावर काळी घोंगडी घेऊन, कारण तिचा पांढरा फ्रॉक पडद्यावर उमटत होता. ती पुढचं चित्र लावते, मी "कमी" किंवा "जास्त" म्हणते. आकडा ती मला सांगत नाही, नाहीतर मी मनातल्या आकड्याला थांबेन. तीनदा केलं. उजव्या कोपऱ्यासाठी २२, २४, २२. मग तिला जागेवर बसवलं, मी कीबोर्डशी. तिचे "आता दोनय सारखे दिसतत" २२ वरच. डाव्या कोपऱ्यासाठी ८.

हिशोब: पातळी वाढते तसा उजेड किती वाढतो हे ठरवणारा गॅमा नेहमीचा २.२ धरला तर २२ ही पातळी म्हणजे पूर्ण पांढऱ्याचा ०.४६ टक्के उजेड. माझ्या मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट १०००:१ लिहिलाय, म्हणजे त्याचा नुसता काळाच पांढऱ्याच्या ०.१ टक्के उजळ असतो. पूर्ण काळा या पॅनेलला जमतच नाही. चौकोनाचा ०.४६ त्या काळ्यावर वाढलेला, एकूण ०.५६. उजव्या कोपऱ्यातला काळा मधल्या काळ्याच्या साडेपाच पट उजळ. डाव्याचा ८ म्हणजे दीडपट, तो सोडून द्यावा.

हा आकडा प्रयोगशाळेतला नव्हे. अगदी खालच्या पातळ्यांवर मॉनिटर गॅमा काटेकोर पाळतोच असं नाही आणि पिवळट डागाशी राखाडी चौकोन जुळवताना डोळा थोडा चुकतो. पण दीडपट आणि साडेपाच पट यांतला फरक एवढ्याने पुसला जात नाही.

मग खरी कसोटी. पेटीचा तो गडद हिरवा, लाल १२, हिरवा ३८, निळा २४, पूर्ण पडदाभर लावला. ही गळती त्यावर मिसळली की त्या कोपऱ्यात हिरवा एक तृतीयांशाहून अधिक उजळ होतो असा हिशोब निघतो, आणि डोळ्यालाही तसंच दिसलं: पेटीच्या उजव्या तळाशी कुणी तेलाचा हात लावल्यासारखा पट्टा. पांढऱ्या लेबलावर यातलं काहीच दिसत नाही. पांढऱ्यात अर्धा टक्का वाढला काय, न वाढला काय. हिशोबाच्या तक्त्यांचं काम करणाऱ्याने हा मॉनिटर आनंदाने ठेवावा.

साडेनऊला लाईट आली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी स्वतःशीच थोडी वकिली केली. माझ्या कामात उजव्या बाजूला रंगांचे आणि थरांचे कप्पे उघडे असतात, म्हणजे तो कोपरा बहुतेक वेळ झाकलेलाच. पण पेटी शेवटी पूर्ण पडद्यावर पाहूनच ग्राहकाला होकार देते आणि तिच्या उजव्या तळाशीच सोनेरी आंबा आहे. ज्या जागेवर निर्णय घ्यायचा तीच जागा खोटं बोलणार असेल तर काय उपयोग. चौकटीचे स्क्रू अर्धा फेरा सैल केले तर गळती कमी होते असंही लोक सांगतात. होतही असेल, पण मॉनिटर उघडला की परतीचा हक्क गेला.

परत करायचा.

तक्रारीसाठी फोटो लागतो आणि इथे मोबाइल घोटाळा करतो. अंधारात आपोआप एक्सपोजर वाढवतो आणि फोटोत कोपरा असा पेटतो की जणू पहाट झाली. तसा फोटो पाठवायचा मोह झाला, पण समोरच्यानेही शेकडो असले फोटो पाहिलेले असणार. म्हणून प्रो मोड, आयएसओ २००, शटर १/८, मोबाइल स्टूलावर पुस्तकांच्या चळतीवर, पडद्याच्या मध्यासमोर दोन मीटरवर. चित्रात मधला २२ चा चौकोन ठेवूनच फोटो काढला. आता फोटो कितीही उजळ करा, कोपरा आणि चौकोन बरोबरीनेच उजळणार. तिरका फोटो एकही पाठवला नाही, नाहीतर "हा ग्लो आहे, दोष नाही" असं उत्तर ठरलेलं.

फोनवरच्या मुलाला आधी ठिपक्याचं सांगितलं. "मॅडम, एक पिक्सेल असेल तर कंपनीच्या नियमात बसत नाही." अपेक्षितच. मग म्हटलं, मुख्य तक्रार ठिपक्याची नाही, उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या गळतीची आहे, डोकं हलवलं तरी ती हलत नाही, आणि खोक्याचा तोच कोपरा चेपलेला आहे, उघडतानाचा व्हिडिओ आहे. गळती किती चालते याचा ठिपक्यांसारखा आकडा पत्रकात नाहीच, त्यामुळे तो ना हो म्हणू शकत होता ना नाही. फोटो, व्हिडिओ, सिरीयल नंबर पाठवले. संध्याकाळी बदलून देण्याचा निरोप आला. मला वाटतं चेपलेल्या खोक्याने काम केलं, माझ्या चौकोनाने नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुदतीचा शेवटचा दिवस. माळ्यावरून खोकं काढलं. थर्माकोल, पिशवी, स्टँड, केबल, स्क्रूची पुडी, पट्टी न सोललेला मॉनिटर. बांधतानाचाही व्हिडिओ, चालू पडद्यापासून चिकटपट्टीपर्यंत, म्हणजे काच धड होती हे दिसावं. चेपलेल्या कोपऱ्यात आतून वर्तमानपत्राचे बोळे भरले. पुन्हा टेम्पो, पुन्हा जामसंडे. पावतीवर वजन लिहून घेतलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुसरा नग आला. खोकं चारही कोपऱ्यांनी सरळ. या वेळी तपासणी एका संध्याकाळीत उरकली: `Full`, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, अर्धा तास तापणं, पाच रंग, सहा पट्टे, मग उंबऱ्यावरचा पाट. लाईट मात्र गेली नाही, म्हणून काचेच्या कौलावर गोणपाट आणि खिडकीला गोधडी.

लाल चित्रावर वरच्या कडेजवळ एक विझलेला सबपिक्सेल. भिंगाशिवाय पुन्हा शोधताना मलाच सापडला नाही. काळ्यावर काही नाही. कोपऱ्यांत सगळ्यात वाईट वरचा डावा, चौकोन १२ वर जुळला, म्हणजे काळ्याच्या सव्वादोन पट. बाकी तीन ६ ते ८. गडद हिरवा पूर्ण पडदाभर लावला आणि भाचीला विचारलं, कुठे काही दिसतं का. तिने बराच वेळ पाहून मधोमध बोट ठेवलं. तिथे माझ्याच बोटाचा ठसा होता.

ठेवला. पट्टी सोलली. खोकं माळ्यावर, वॉरंटी संपेपर्यंत. भिंग काकांना परत नेऊन दिलं, त्यांना उद्या पहाटे फवारणीआधी मोहोर पाहायचा आहे.